बडतर्फीच्या पत्रातलं शुद्धलेखन

"फक्त शुद्धलेखन बघा, बाकी काही बदलू नका." सचिवांनी एवढंच सांगून पत्राचा मसुदा आमच्या हातात दिला. एका शिपायाला कामावरून काढण्याचं पत्र होतं ते. संस्था एक वसतिगृह चालवते आणि तिथली मुलं आपल्याच वस्त्यांमधली आहेत. शिपाईही आपलाच. दर रविवारी आमच्या अभ्यासवर्गाच्या सतरंज्या तोच घालायचा. आम्ही तिघं, मराठी बरं लिहिणारे म्हणून गावात ओळखले जातो. त्यामुळे हे काम आमच्याकडे आलं.

आमच्यातला एक म्हणाला, "आपण हात लावायचाच नाही. आपल्या माणसाच्या पोटावर पाय देणाऱ्या कागदाचे काना-मात्रे आपण का नीट करायचे?" दुसऱ्याचं म्हणणं उलट होतं. "हातात आलंच आहे तर कारणं जरा सौम्य करून टाकू. कोणाला कळणार आहे?" दोघांचंही मन शुद्ध होतं, पण दोन्ही मतं चुकीची होती, असं आज आम्हाला वाटतं. का, ते सविस्तर सांगतो. कारण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी अनेक जण कार्यालयात, पतसंस्थेत, शाळेत, संघटनेत असा कागद हातात घेणार आहात. आणि काही जणांच्या हातात तो स्वतःच्या नावाने पडणार आहे.

सुरुवात नावापासून केली. मसुद्यात वरच्या बाजूला अध्यक्षांच्या नावामागे "मा.", सचिवांच्या नावामागे "श्री." आणि ज्याला पत्र लिहिलं त्याचं नुसतं नाव. "श्री." नाही, वडिलांचं नाव नाही. शिवाय आडनाव जुनं, जातीवरून हिणवायला वापरलं जायचं ते. त्याने काही वर्षांपूर्वी रीतसर राजपत्रात नाव बदललं होतं आणि त्याची प्रत कार्यालयात दिली होती. आम्ही "श्री." घातलं, राजपत्रातलं पूर्ण नाव लिहिलं. सचिव म्हणाले, "पण नेमणूकपत्रात जुनंच आहे, मग हा तोच माणूस हे कसं कळणार?" प्रश्न रास्त होता. उपायही सोपा होता. नेमणूकपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहिली की ओळख पटते, त्यासाठी जुनं आडनाव पुन्हा छापावं लागत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात मात्र कोणतं नाव आहे ते आधी पाहावं, कारण पैसे काढताना नाव जुळलं नाही तर हेलपाटे त्यालाच घालावे लागतात.

मग सूर. मसुद्यात एक वाक्य असं होतं: "वारंवार समज देऊनही तुमच्यासारख्या लोकांना शिस्त कळत नाही." "तुमच्यासारख्या लोकांना" म्हणजे कोणाला? संस्था आपल्या लोकांची असली तरी साहेबी भाषा खुर्चीबरोबर येते. इथे आम्ही एक कसोटी लावली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. वाक्य त्या माणसाने काय केलं आणि केव्हा केलं ते सांगत असेल, तर ते कारण आहे. त्याला आपण हात लावायचा नाही. वाक्य तो माणूस कसा आहे एवढंच सांगत असेल, तर तो सूर आहे. "वारंवार समज दिली" ही घटना आहे, ती ठेवली. "तुमच्यासारख्या लोकांना शिस्त कळत नाही" यात घटना नाही, नुसता शेरा आहे. तो काढायचं आम्ही सुचवलं. गुपचूप खोडला मात्र नाही. लाल शाईने रेघ मारली, समासात "शेरा, घटना नाही, वगळावा का?" असं लिहिलं आणि सचिवांची सही घेतली. कारण असा शेरा पत्रात असणं-नसणं हीसुद्धा पुढे वकिलाच्या कामाची गोष्ट असते. कलंक लावून काढलं की साधी सेवा संपवली, यावर कोर्टात बराच खल होतो.

सौम्य करायच्या नादात खरी चूक इथे होते. विषयात लिहिलं होतं "सेवासमाप्तीबाबत", मधल्या परिच्छेदात "बडतर्फ करण्यात येत आहे" आणि शेवटी "आपणांस कार्यमुक्त करण्यात येईल". आमच्या मित्राला वाटलं, तिन्ही ठिकाणी "कार्यमुक्त" करावं, कानाला बरं लागतं. पण हे समानार्थी शब्द नाहीत. बडतर्फी ही शिक्षा आहे. सेवासमाप्ती शिक्षेशिवायही होऊ शकते. कार्यमुक्त तर बदली झालेला माणूसही होतो. शब्द बदलला की निर्णय बदलतो, आणि निर्णय घेणारे आम्ही नव्हतो. आम्ही तिन्हींखाली रेघ मारून विचारलं, "यातलं नेमकं काय ठरलं आहे?" उत्तर आलं, बडतर्फी. मग तिन्ही ठिकाणी तोच शब्द. कानाला कडू लागला, पण त्या माणसाला आपल्याबरोबर काय झालं हे तरी एका शब्दात कळलं.

आता तारखा. मसुद्यात विनापरवाना गैरहजेरीचे सहा दिवस दिले होते, सगळे 2023 चे: 13 मार्च, 28 मार्च, 14 एप्रिल, 2 मे, 9 मे आणि "मंगळवार, दि. 15 मे".

चौदा एप्रिल! आम्ही तिघंही एकदम थांबलो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी. संस्थेच्या स्वतःच्या सुट्ट्यांच्या यादीतही ती आहे. सुट्टीच्या दिवशी गैरहजर? दुसरी गोष्ट, दिनदर्शिका उघडली तर 15 मे 2023 ला सोमवार होता, मंगळवार 16 तारखेला. वार आणि तारीख जुळत नसतील तर दोहोंपैकी एक चूक असतं, पण कोणतं ते दिनदर्शिका सांगत नाही. ते हजेरीपट सांगतो. तिसरी गोष्ट, पत्राची तारीख 29 मे आणि त्यात आधार म्हणून दिलेल्या कार्यकारिणीच्या ठरावाची तारीख 2 जून. ठराव व्हायच्या आधीच पत्र तयार!

आमच्यात वाद पेटला तो इथे. एक जण म्हणाला, "गप्प बसू. चुका तशाच जाऊ दे. तो कोर्टात गेला की पत्र उडेल." आम्ही विचार केला. एक तारीख चुकली म्हणून अख्खी बडतर्फी उडेलच याची खात्री कोण देणार? बाकीच्या तारखा उरतातच. खटला वर्षानुवर्षं चालेल आणि तोवर तो घरी बसेल. पत्र पाठवण्याआधीचा हा एकच क्षण असा होता, जेव्हा संस्थेला हजेरीपट पुन्हा उघडायला लावता येत होतं. आणि आपणच तारीख खोडून टाकली असती तर? तर संस्थेची चूक झाकली गेली असती आणि ती चूक झाली होती हे कोणालाच कळलं नसतं. कारणाच्या आतली तारीख ही कारणाचाच भाग असते. ती दुरुस्त करायची नाही, तिच्याबद्दल विचारायचं.

आम्ही समासात तीन प्रश्न लिहिले आणि सोबत आधी दिलेल्या ज्ञापनाची प्रत मागितली. ज्ञापन म्हणजे ज्यात त्याला खुलासा विचारला होता तो कागद. त्यातल्या तारखा आणि पत्रातल्या तारखा एकमेकींशी लावून पाहणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. ज्या दिवसाबद्दल माणसाला कधी विचारलंच नाही, त्या दिवसासाठी त्याला शिक्षा कशी देणार?

हजेरीपट आला. 15 मे ला तो हजर होता, 16 ला गैरहजर. सचिव म्हणाले, "मग 16 करून टाका, टायपिंगची चूक आहे." आम्ही ज्ञापन पुढे ठेवलं. त्यातही 15 मेच होती. त्याने खुलासा 15 तारखेचा दिला होता, "त्या दिवशी मी कामावर होतो" असा, आणि तो खरा होता. आता 16 लिहिणं म्हणजे टायपिंगची दुरुस्ती नव्हे, नवा आरोप. त्यासाठी नवं ज्ञापन लागेल. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी कार्यकारिणीने 14 एप्रिल आणि 15 मे या दोन्ही तारखा स्वतःच वगळल्या. चार उरल्या. 2 जूनच्या बैठकीत ठराव झाला आणि पत्र 5 जूनच्या तारखेने निघालं. महिने आम्ही सगळीकडे अक्षरात लिहिले. 5/6 लिहिलं की कोणी पाच जून वाचतं, कोणी सहा मे.

शेवटचा मुद्दा "करण्यात येत आहे" या आपल्या लाडक्या क्रियापदाचा. कोण करतंय? 1951 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध गोरधनदास भानजी हा खटला आला होता. अंधेरीतल्या सिनेमागृहाची परवानगी रद्द केल्याचं पत्र आयुक्तांनी दिलं होतं, पण भाषा अशी होती की सरकारच्या आदेशावरून कळवत आहोत. नंतर ते म्हणाले, निर्णय माझाच होता. न्यायालयाने ते मानलं नाही. आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणावरून नाही. तो निकाल सरकारी आदेशाबद्दलचा आहे, खाजगी संस्थेला जसाच्या तसा लागू होत नाही. पण धडा घ्यायला हरकत काय? आम्ही विचारलं आणि पत्रात आलं: "कार्यकारिणीने दि. 2 जून 2023 च्या ठरावाने आपणांस बडतर्फ केले आहे." आता कोणाला जाब विचारायचा हे वाचणाऱ्याला कळतं.

पत्र गेलं. त्याची नोकरी गेली. आम्ही ती वाचवली, असं आम्ही म्हणणार नाही.

आठवड्याने तो आमच्या दारात आला. पत्र हातात होतं. "दादा, हे तुम्ही लिहिलं म्हणतात."

आम्ही म्हणालो, "लिहिलं नाही, तपासलं." आणि लाल शाईचा मसुदा काय होता, काय विचारलं, काय वगळलं गेलं, सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग पत्रावर बोट ठेवून म्हणाला, "28 मार्चला पोरगी दवाखान्यात होती. कागद आहेत माझ्याकडे. 9 मेची रजा मी अधीक्षकांना तोंडी सांगितली होती. उरले दोन दिवस."

त्या चार तारखा स्पष्ट नसत्या तर हा हिशोब त्याला मांडता आला नसता. "तुमच्यासारख्या लोकांना शिस्त कळत नाही" याला काय उत्तर देणार? बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. नोकरीच्या अटी मालकाच्या तोंडात न राहता कागदावर याव्यात, हाच त्याचा गाभा. आमची संस्था त्या कायद्यात बसण्याइतकी मोठी नव्हती, पण तत्त्व तेच.

त्याच दिवशी आम्ही त्याच्याबरोबर बसलो आणि अपिलाचा अर्ज लिहिला. त्यातही शुद्धलेखन, नावं आणि तारखा तपासल्या. कारणं मात्र त्याची त्यानेच सांगितली. आम्ही त्यांना हात लावला नाही.