परमिट रूममधलं परमिट

राज्य उत्पादन शुल्क विभागात मी दुय्यम निरीक्षक म्हणून बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतरही परगावाहून आलेल्या पाहुण्यांचे फोन येतातच. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : ‘काका, इथं चालतं ना?’ मी उलट विचारतो, ‘काय, कुठं, कधी आणि तुझं वय किती?’

दारू हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. त्यामुळे सीमा ओलांडली की नियम बदलतात. आपल्याकडे अजूनही 1949चा मुंबई दारूबंदी कायदाच चालतो, फक्त नाव बदललं आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत पिणं मुळात बंद आणि परवाना हा त्याला अपवाद. ‘परमिट रूम’ ही पाटी आपण रोज वाचतो, पण त्यातलं परमिट कुणाला हवं असतं, हे कुणी विचारत नाही. ते पिणाऱ्याला हवं असतं. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचं पाच रुपयांत, वर्षाचं शंभरात आणि आयुष्यभराचं हजारात मिळत आलं आहे. दुकानदार अनेकदा ते फाडतच नाहीत आणि गिऱ्हाईकही मागत नाही. वाटेत बाटलीबद्दल कुणी विचारलं की मात्र त्या पाच रुपयांच्या चिठोऱ्याची आठवण होते. म्हणून ते मागून घ्यावं आणि बिलासोबत ठेवावं.

2024च्या नोव्हेंबरची गोष्ट सांगतो. दिल्लीत वाढलेला माझ्या मित्राचा मुलगा, वय तेवीस, गोव्याहून गाडीनं पुण्याला आला. तारीख 18, वेळ संध्याकाळी सातची. हॉटेलात सामान टाकून त्यानं फोन केला, ‘काका, इथली सगळी दुकानं बंद का?’

विधानसभेचं मतदान 20 तारखेला होतं आणि ते संध्याकाळी सहाला संपणार होतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135-सी प्रमाणे ती वेळ धरून मागचे अठ्ठेचाळीस तास मोजायचे. म्हणजे 18च्या सहा वाजताच कोरडा काळ सुरू झाला होता. पुढं मतमोजणीही होती, 23ला. गांधी जयंतीची तारीख सगळ्यांना पाठ असते, निवडणुकीचे हे तास मात्र पाहुण्याला हमखास चुकवतात. शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक कारणासाठी वेगळा आदेश काढू शकतात. गणपती विसर्जनाच्या सुमारास पुण्यात आलात तर तेवढं आधी विचारून घ्या.

‘माझ्याकडे गोव्याच्या दोन बाटल्या आहेत. खोलीत मित्रांना देऊ?’ हा त्याचा दुसरा प्रश्न. नको म्हटलं. हे कलम विक्रीपुरतं नाही. मतदानक्षेत्रात खासगी जागेतसुद्धा दारू ‘देणं’ त्यात येतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाटलीची कथा तर आणखी वेगळी. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं लेबलावर छापलेली बाटली महाराष्ट्राचा कर न भरता आलेली असते. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवली नाही, एवढ्यानं ती कायदेशीर होत नाही. गोव्यातल्या दुकानदारानं दिलेली पावती इथं उपयोगाची नाही. आणि बाटल्यांत होती व्हिस्की. आपल्याकडे बीअर आणि वाइनला एकवीस, कडक मद्याला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. तेवीसच्या पोरानं सगळ्या बाजूंनी एकदम चूक केली होती!

मतदान आटोपल्यावर तो बीअर प्यायला निघाला, तेव्हा मी त्याला एवढंच शिकवलं : भिंतीवर परवाना आहे का बघ. बसून प्यायच्या परमिट रूमचा परवाना एफ.एल.-३, वाइन शॉपचा एफ.एल.-२. वाइन शॉप आणि बीअर शॉपीतून बंद बाटली न्यायची, तिथंच किंवा समोरच्या गाडीत उघडायची नाही. एफ.एल.-३ असला तरी परवाना मंजूर नकाशातल्या जागेपुरताच. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये टेबलं मांडली असतील तर विचारावं. आणि ढाबा असेल, मालक ‘आपली बाटली आणा, ग्लास-सोडा देतो’ म्हणत असेल, तर उठावं. छाप्यात मालकावर कलम 68 लागतं आणि बसलेल्यांवर 84. ‘मी फक्त जेवायला आलो होतो’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे, बहुधा समोर अर्धा ग्लास ठेवूनच.

जाता जाता त्यानं विचारलं, ‘परवा नागपूरहून सेवाग्रामला जायचंय, एक बाटली नेऊ?’ वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993पासून आहे. चंद्रपुरात 2015ला आली आणि 2021ला उठली. नागपूरची बाटली नागपुरात कितीही रीतसर घेतलेली असो, वर्ध्याच्या हद्दीत ती गुन्ह्याचा मुद्देमाल होते. तिथं ना वाइन शॉप, ना परमिट रूम. बाटली नागपूरच्या हॉटेलातच ठेवून जा म्हटलं.

त्यानं तीही नेली नाही. मात्र गोव्याच्या त्या दोन बाटल्यांचं पुढं काय झालं, हे मी मुद्दामच विचारलं नाही.