दोन मिनिटांची चटई

मुलाने पहिल्यांदा मारलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. दीड वर्षाचा होता तो. इवलासा हात आजीच्या गालावर पडला आणि त्यांनी त्याच हाताचा मुका घेतला. अडीच वर्षांचा झाला तेव्हा त्याच हाताने भिरकावलेली स्टीलची वाटी त्यांच्या चष्म्यावर आदळली. काच तडकली. तो मात्र आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत राहिला.

ती नजर माझ्या मनातून जात नाही. तिच्यात खोडीपेक्षा प्रश्न जास्त होता, कारण त्याच्या एका फटक्याला घरात चार उत्तरं मिळत होती. मी ओरडायचे, त्याचे बाबा समजावत बसायचे, आजी हसायच्या, आजोबा बिस्किट पुढे करायचे. ज्या वागण्याला अधूनमधून फळ मिळतं, ते सगळ्यांत चिवट होतं.

त्या रात्री आम्ही चौघांनी बसून ठरवलं. नुसत्या ‘नाही’ला शिक्षा नाही. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारायचंच नाही. ‘लाल मग की निळा?’ एवढंच. फेकलेलं खेळणं काही वेळ कपाटावर जाईल, फेकायला कापडी चेंडू मिळेल. मारलं तर मात्र चटई.

चटई हॉलच्या कोपऱ्यात, आम्ही त्याला दिसू अशी. अंधारी खोली नाही, बाथरूम नाही. मारल्याबरोबर एकच वाक्य: “मारायचं नाही. चटईवर बस.” वयाच्या दर वर्षाला साधारण एक मिनिट, म्हणजे त्याला दोन. उठला तर काही न बोलता परत बसवायचं. वेळ संपली की जवळ घ्यायचं, आणि झाल्या गोष्टीचं प्रवचन नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो जास्तच मारू लागला. जुना उपाय चालेना, म्हणून त्याने जोर लावला होता. चटईवर हमसून हमसून रडत होता.

“अगं, घे ना त्याला. किती रडतंय पोर!”

“आई, आत्ता उचललं तर जोरात रडलं की सुटका होते, हेच तो शिकेल. एकच मिनिट राहिलंय.”

आजी पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेल्या. मलाही ते मिनिट जड गेलं.

मी वहीत वेळा टिपत होते. आठवड्याने लक्षात आलं की निम्मे फटके संध्याकाळी सातच्या आसपासचे होते. पोर भुकेलेलं असायचं. जेवण साडेसहाला आणलं आणि तेवढे फटके चटईविनाच थांबले. भुकेल्या, पेंगुळलेल्या किंवा तापलेल्या मुलाला चटईवर बसवणं हा अन्यायच, आणि तो मी आठवडाभर केला होता.

महिन्याभराने त्याने पुन्हा वाटी उगारली. आजी हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. “फेकायचं नाही,” एवढंच म्हणाल्या. तो क्षणभर त्यांच्या नव्या चष्म्याकडे बघत राहिला, मग वाटी धाडकन ताटात आपटली. वरण सांडलं. आजींनी ते पुसून घेतलं आणि त्याला पुढचा घास भरवला.