पाटी कुणाकडे?

श्टुटगार्टला नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात, बाराच्या सुमारास, कॉरिडॉरमध्ये एक वयस्क सहकारी मला "माल्त्साइट!" म्हणाले. शब्दशः अर्थ जेवणाची वेळ. मला वाटलं, आपल्याकडे विचारतात तसं 'जेवलास का?' विचारतायत. मी थांबून नीट सांगितलं, "अजून नाही, आता निघालोच आहे." ते क्षणभर बघत राहिले आणि पुढे गेले. तो दुपारी भेटल्यावर घालायचा नुसता नमस्कार होता. उलट तोच शब्द म्हणायचा की झालं. हे कळेपर्यंत मी चार जणांना माझ्या जेवणाची खबर दिली होती.

ही चूक निदान हसण्यावारी गेली. पुढची तीन महिने चालली.

कामाच्या मीटिंग इंग्रजीत व्हायच्या. कँटीनमध्ये मात्र सगळे जर्मनवर यायचे, तेही तिथल्या श्वाबीश बोलीवर. मी टेबलाच्या टोकाला बसायचो आणि ताटात बघत जेवायचो. आपली तयारी कमी पडते, असं मी ठरवून टाकलं. मग रात्री फुटबॉलचे निकाल वाचायचे, चार वाक्यं वहीत लिहायची, पाठ करायची. इंजिनिअरिंगच्या ओरलची सवय, दुसरं काय!

एकदा खरंच फुटबॉल निघाला. मी मनात वाक्य जुळवलं, विभक्त्या तपासल्या, क्रियापद शेवटी नेऊन ठेवलं आणि बोललो, "बचाव पार थकलाय, आता बदलायलाच हवा." वाक्य बिनचूक होतं. पण तोवर गप्पा समोरच्या बाईंच्या सासऱ्यांच्या गुडघ्यावर गेल्या होत्या. टेबल गप्प झालं. मी पुढचे काही दिवस जागेवरच सँडविच खाल्लं.

मला खरं काय नडत होतं, ते बऱ्याच दिवसांनी एका भाषाशास्त्राच्या लेखातून समजलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधली रोजची बोलणी मोजली होती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वेळ जातो. उलट एखादा साधा शब्द मनात शोधून तोंडावर आणायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे माणसं समोरच्याचं संपायची वाट बघतच नाहीत. तो बोलत असतानाच आपलं जुळवत असतात. मी मात्र आधी पूर्ण ऐकायचो, मग मराठीत विचार करायचो, मग जर्मन वाक्य बांधायचो. तीन-चार सेकंद सहज जायचे, आणि तेवढ्यात विषय दोनदा बदलायचा. पुण्यात डबा खाताना मी दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडून बोलायचो, तेव्हा हे गणित कधी जाणवलंच नव्हतं.

म्हणजे लांब वाक्य तयार करून नेणं हाच घोटाळा होता. ते जितकं सुबक, तितकं उशिरा. त्यापेक्षा चालू विषयाला चिकटलेला दोन-तीन शब्दांचा प्रश्न वेळेत पोचतो, आणि पुढचं बोलायचं काम समोरच्याकडे जातं. मी टोकाची जागाही सोडली. मधे बसलं की सगळ्या टेबलाला ऐकवायची गरज उरत नाही, शेजाऱ्याला हळूच विचारता येतं.

एका सोमवारी केअरवोखेचा विषय निघाला. श्वाबियातल्या इमारतींमध्ये जिने झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने भाडेकरूंवर येते आणि पाळी असेल त्याच्या दारावर तशी पाटी लटकते. मी दचकलो. माझ्या दारावर एक पाटी होती. घरमालकाने शोभेला लावली असेल असं समजून मी तिच्यावरची धूळसुद्धा पुसायचो.

वही नव्हती, तयारी नव्हती. शेजाऱ्याला एवढंच विचारलं, "किती दिवस राहते ती?"

"एक आठवडा. का?"

"माझ्याकडे तीन आठवडे आहे."

आधी तो हसला, मग त्याने ते सगळ्यांना सांगितलं. पुढची वीस मिनिटं जो तो मला शिकवत होता: छोटी केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ, झाडून झालं की पाटी गुपचूप शेजारच्या दारावर. "शेजारीण काही बोलली नाही?" सासऱ्यांच्या गुडघ्यावाल्या बाईंनी विचारलं. शेजारीण रोज जिन्यात माझ्याकडे रोखून बघायची, ते मला आत्ता उमगलं. मी ते सांगितलं. अर्ध्या वाक्यात क्रियापद चुकलं आणि कुणी तिकडे लक्षही दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी जिना झाडला, पुसला, पाटी समोरच्या दारावर लावली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तेच वयस्क सहकारी कॉरिडॉरमध्ये भेटले.

"माल्त्साइट! मग, पाटी आता कुणा..."

"समोर!" मी म्हटलं.