बाबांची वही आणि पिकांचा तक्ता

आमच्या बाबांना दर खरिपाला वही लिहायची सवय आहे. दोनशे पानी वही, त्यात राब भाजल्यापासून भात केंद्रावर जाईपर्यंत सगळं असतं. फक्त ते पीकवार नसतं, तारीखवार असतं. एका पानावर जयाचं बी, पुढच्या पानावर बैलाचं औषध, मग नागलीची दाढ. या वर्षी कुठलं बी किती घ्यायचं आणि नागली ठेवायची की वरकस पडीक टाकायचं, हे ठरवायला मी २०२२ च्या खरिपाची वही घेऊन त्याचा तक्ता केला. कसं केलं ते लिहितो, कारण आपल्या भागात बहुतेकांच्या वह्या अशाच असतात.

आधी आकड्यांचं. बाबा जुन्या पद्धतीने लिहितात. १७॥ म्हणजे साडेसतरा, ५। म्हणजे सव्वापाच. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. आजची पोरं ५। हे सरळ एक्कावन्न वाचतात. त्यात आमच्या वहीत दोन हात आहेत. काही ओळी धाकट्या भावाने इंग्रजी आकड्यांत लिहिल्यात, आणि इंग्रजी नऊ घाईत लिहिला की आपल्या १ सारखाच दिसतो, इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा. म्हणून आधी अक्षर कुणाचं ते बघायचं, मग आकडा वाचायचा. शंका आली तर क्षेत्राने ताडायचं. पंधरा गुंठ्यात एक्कावन्न पोती भात होत नाही.

आता क्षेत्र. वहीतल्या ओळी अशा आहेत:

राब ४ गुं. जया १५ कि.
राब २ गुं. कर्जत-३, ६ कि.
खालचं वावर १ ए. जया लावणी झाली. आवण उरली.
वरचं वावर २० गुं. पैकी ५ गुं. उरलेली आवण, बाकी कर्जत-३.

बियाण्याच्या ओळीत जे गुंठे आहेत ते राबाचे आहेत, पिकाचे नाहीत. पंधरा किलो बी चार गुंठ्यात पेरलं, पण लावलं कितीतरी जास्त जमिनीत. तक्त्यात पेऱ्याचं क्षेत्र म्हणून लावणीचंच क्षेत्र धरायचं आणि बी मात्र राबाच्या ओळीतून उचलायचं. दोन ओळी जोडणारा धागा म्हणजे वाणाचं नाव.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची निघाली. जयाची उरलेली आवण वरच्या वावरात पाच गुंठ्यांत लावली होती. म्हणजे जया ४५ गुंठे आणि कर्जत-३ फक्त १५ गुंठे. वावराच्या नावाने हिशोब केला असता तर जया ४० आणि कर्जत २० धरलं गेलं असतं. पुढे बघा याने काय फरक पडतो.

उत्पादन वहीत पोत्यांत आहे: जया १७॥, कर्जत-३ ५।. पण पोतं किती किलोचं? विक्रीच्या पानावर लिहिलंय, "केंद्रावर १८ पोती, घरी ४॥, बी ठेवलं १." एकूण झालं साडेसतरा, त्यातली अठरा केंद्रावर गेली आणि तरी साडेपाच उरली? सगळं जयाच होतं, बाबांना विचारून घेतलं. उलगडा असा की केंद्रावरचं बारदान ४० किलोचं भरतं, आणि खळ्यावरचं पोतं घरचं मोठं. अठरा चोक बहात्तर, म्हणजे ७२० किलो. साडेसतरातून घरची साडेचार आणि बियाण्याचं एक वजा केलं की बारा पोती उरतात. ७२० भागिले १२, म्हणजे पोतं ६० किलोचं. हे वाळवून दिलेल्या भाताचं वजन, खळ्यावर ते थोडं जास्त असणार. पण दोन्ही वाणांना तोच आकडा लावला की तुलना बरोबर होते.

जया १०५० किलो, कर्जत-३ ३१५ किलो. वावराच्या नावाने हिशोब केला तर जया एकरी १०५० आणि कर्जत एकरी ६३०. असं वाचून कुणीही कर्जत-३ सोडून देईल. खऱ्या क्षेत्राने जया एकरी ९३३ आणि कर्जत ८४०. कर्जत-३ हळवं आहे, वरच्या वावरात पाणी लवकर ओसरतं, तिथे जयासारखं निमगरवं भात शेवटच्या पाण्याला अडतं. तिथे एकरी नव्वद-पंच्याण्णव किलो कमी चालेल. या वर्षी वरच्या वावरात कर्जत-३ राहणार.

नागलीची ओळ: "वरकस १५ गुं., दाढ अर्धी पायली, झाली ४२ पायली." पायली हे माप आहे, वजन नाही, हे विसरलं की तक्ता बिघडतो. आमच्या घरच्या पायलीत सपाट भरून भात २.८ किलो बसतं, नागली ३.८ किलो, तूर ४ किलो. नागलीचा दाणा बारीक आणि गच्च, भाताला तूस असतं म्हणून ते हलकं. भाताच्या पायलीने ४२ गुणलं तर ११८ किलो येतात, नागलीच्या पायलीने १६० किलो. एका झटक्यात पाव पीक गायब होतं. नागली परवडत नाही असं घरात बोललं जात होतं, पण १६० किलो म्हणजे एकरी सव्वाचार क्विंटल, तेही वरकसावर. नागली राहिली.

शीग लावून भरायची पायली वेगळी, सपाट वेगळी. वहीत ज्या पद्धतीने मोजलं त्याच पद्धतीने भरून वजन करायचं.

| पीक | लावलेलं क्षेत्र | बी | वहीत लिहिलेलं | किलो |
|---|---|---|---|---|
| भात जया | ४५ गुं. | १५ कि. | १७॥ पोती | १०५० |
| भात कर्जत-३ | १५ गुं. | ६ कि. | ५। पोती | ३१५ |
| नागली | १५ गुं. | अर्धी पायली (१.९ कि.) | ४२ पायली | १६० |
| तूर | बांधावर | १ शेर (१ कि.) | ६ पायली | २४ |

तुरीपुढे गुंठे टाकले नाहीत. ती बांधाला आहे, तिला क्षेत्र दिलं तर भाताचं क्षेत्र दुसऱ्यांदा मोजलं जातं. आणि "वहीत लिहिलेलं" हा रकाना मुद्दाम ठेवलाय. उद्या कुणी पायली परत मोजली आणि आकडा वेगळा आला तर किलोचा रकाना बदलता येतो, मूळ हरवत नाही. ई-पीक पाहणीत क्षेत्र आरमध्ये लागतं, गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, एकराचे चाळीस गुंठे म्हणजे साडेचाळीस आरच्या आसपास.

शेवटचं एक. वहीत कुठे "उत्पन्न १२" लिहिलेलं असेल तर ते पोती की हजार रुपये, हे आजूबाजूच्या ओळी वाचल्याशिवाय तक्त्यात घेऊ नका. माल निघाला ते उत्पादन, पैसे आले ते उत्पन्न. आपण बोलताना दोन्हीला एकच शब्द वापरतो. आमच्या वहीत ते हजारच निघाले, तक्त्यातून बाहेर ठेवले.

तुमच्या घरची पायली भाताला किती आणि नागलीला किती किलो भरते, ते वजन करून सांगा. शहापूर-मुरबाडमध्येच गावागावात फरक निघेल असं वाटतं.