आर आणि पाच आकडे

तर झालं असं, की गेल्या महिन्यात रिक्षातून उतरताना माझा फोन सीटवरच राहिला. रिक्षा गेली, फोन गेला. पोलिसांत तक्रार, डुप्लिकेट सिम, नवा फोन हे सगळं यथासांग झालं. बँक, गॅस, वीज सगळं हळूहळू जागेवर आलं. आलं नाही ते माझं स्टीमचं खातं.

मंडळी, हसू नका. पंचेचाळिशीतला माणूस गेम खेळतो हे आमच्या मावशीला अजून पटत नाही. पण हे खातं बरंच जुनं. मी आणि अव्या तेव्हा गोरेगावला एका खोलीत राहायचो. लॅमिंग्टन रोडवरून अर्धे अर्धे पैसे काढून 'ऑरेंज बॉक्स' आणला होता. एक डबा, एकच की, म्हणून खातंही एकच. रात्री जेवणानंतर मी खेळायचो, मग तो. 'पोर्टल'मधली बरीचशी अचिव्हमेंट्स त्याने मिळवलेली आहेत, आणि प्रत्येकीपुढे तारीख आहे. अव्या २०२१च्या मे महिन्यात गेला. त्या तारखा माझ्याकडे दुसरीकडे कुठेही नाहीत.

नव्या फोनवर ॲप टाकलं, नाव-पासवर्ड दिला. ॲप म्हणालं, कोड द्या. कोड कुठला? तर जुन्या फोनमधल्या ॲपमधला! पाच अक्षरांचा तो कोड दर तीस सेकंदांनी बदलतो आणि फोनमध्ये साठवलेल्या एका गुप्त किल्लीवरून तिथल्या तिथे तयार होतो. त्याचा सिमशी काही संबंध नाही. मला आपलं वाटत होतं, सिम आलं की सगळं आलं.

'ऑथेंटिकेटर माझ्याकडे नाही' असं सांगितल्यावर दोन वाटा दिसल्या. पहिली, रिकव्हरी कोड. आर हे अक्षर आणि पुढे पाच आकडे. ऑथेंटिकेटर चालू करताना तो 'लिहून ठेवा' असं बजावून दाखवतात. मी लिहिला नव्हता. नंतरही तो ॲपमध्ये बघता येतो, पण ॲप तर रिक्षातून गेलेलं. म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली कपाटाच्या आतच!

दुसरी वाट एसएमएसची. आपल्याकडे सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात, कुणी दुसऱ्यानेच आपल्या नावाचं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून. थांबलो. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. कोड येईना. पुन्हा दाबलं. मग चष्मा लावून नीट वाचलं, तर खात्याला जोडलेल्या नंबरचे शेवटचे दोन आकडे माझे नव्हतेच. तो माझा जुना नंबर, २०१९ साली मीच बंद केलेला. आदल्या दिवशीच वाचलं असतं तर एक दिवस वाचला असता.

उरली तिसरी वाट, सपोर्टला लिहून खातं आपलंच आहे हे सिद्ध करणं. त्यांना पैसे भरल्याचा पुरावा चालतो, पण ज्या कार्डावरून मी पूर्वी खरेदी केली ते केव्हाच संपलेलं. डब्यातल्या गेमची कीसुद्धा चालते, अट एकच, की ती याच खात्यावर वापरलेली हवी. त्या कीशेजारी आपल्या तक्रारीचा क्रमांक पेनाने लिहायचा आणि फोटो पाठवायचा. नुसती की कुणीही कुठून तरी उतरवून घेईल, पण आज मिळालेला क्रमांक तिच्याशेजारी लिहायला डबा हातातच लागतो.

माळ्यावरची तीन खोकी उपसली. सौ. खालून शिडी धरून, 'अहो, एका गेमसाठी?' डबा सापडला. आतल्या कागदावर की, आणि तिच्याखाली अव्याच्या अक्षरात 'हरवू नकोस रे'. बहुधा तेव्हाच लिहिलेलं. मी विसरलो होतो. त्याच्या अक्षराशेजारी मी तक्रारीचा क्रमांक लिहिला आणि फोटो काढला.

दोन दिवसांनी उत्तर आलं, ऑथेंटिकेटर काढला. आत शिरलो. पंधरा दिवस वस्तूंच्या अदलाबदलीवर बंधन राहील अशी सूचना होती. चोर असा आत शिरलाच तर त्याला माल लगेच विकता येऊ नये म्हणून. मला काय विकायचंय! मी आधी 'पोर्टल'च्या तारखा बघितल्या. सगळ्या होत्या.

मग नवा नंबर जोडला, नवा ऑथेंटिकेटर चालू केला. या वेळी आर आणि पाच आकडे कागदावर उतरवले. कागद त्याच डब्यात ठेवलाय, अव्याच्या सूचनेखाली. आणि डबा आता माळ्यावर नाही, पासपोर्टांच्या कप्प्यात आहे. सौ. काही बोलली नाही.

असो. तुमचा जुना नंबर कुठे कुठे जोडलेला आहे, जरा बघा.