बारा व्होल्ट, पण किती अँपिअर?

अकोल्यात घरोघरी फायबरच्या जोडण्या करतो आणि बिघडल्या की दुरुस्तही करतो. "नेट सारखं जातं" अशी तक्रार आली की मी आधी वायरला हात लावत नाही. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून राउटरचं स्वतःचं पान उघडतो आणि त्यावर `System Up Time` ही ओळ शोधतो. राउटर शेवटचा सुरू झाला त्याला किती वेळ झाला, ते तिथे लिहिलेलं असतं. सकाळपासून चारदा नेट गेलं असेल आणि ही ओळ 9 दिवस दाखवत असेल, तर राउटर एकदाही बंद पडलेला नाही. मग दोष फायबरच्या जोडात, खांबावरच्या डब्यात किंवा त्याच्याही पलीकडे शोधावा लागतो. पण तिथे 40 मिनिटं दिसली आणि घरात कुणी बटण बंद केलेलं नसेल, तर मी सरळ अडॅप्टरकडे वळतो.

फोनवरूनही एवढं कळू शकतं. मी विचारतो, "नेट जातं तेव्हा दिवे कसे दिसतात?" फायबर तुटली की पॉवरचा दिवा तसाच राहतो आणि `LOS` लाल होतो. राउटर रीबूट झाला की सगळे दिवे एकदम विझतात, मग एकेक करून परत येतात आणि नेट यायला दोनेक मिनिटं जातात. राउटरच्या नोंदींमध्येही खूण सापडते. बहुतेक राउटरमध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते, त्यामुळे सुरू झाल्यावर नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत अनेक राउटर तारीख 1 जानेवारी 1970 धरून चालतात. नोंदींमध्ये आजच्या तारखांच्या मधेच 1970 च्या ओळी दिसल्या, तर तिथे राउटर मेला आणि पुन्हा उठला, असं समजायचं.

गेल्या मे महिन्यात जठारपेठेतल्या गणिताच्या एका सरांकडे हेच चाललं होतं. संध्याकाळी 7 ला त्यांचा ऑनलाइन क्लास सुरू व्हायचा आणि थोड्याच वेळात नेट जायचं. फायबरचा जोड आधी कुणीतरी बदलून झाला होता, प्लॅनही वरचा घेऊन झाला होता. सरांचा संशय विजेवर होता. "भाऊ, सात वाजता सगळ्यांचे कूलर चालू होतात, व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर घेऊ का?" मी त्यांना अडॅप्टरवरची `INPUT` ही ओळ दाखवली. तिथे 100-240V लिहिलेलं होतं. भिंतीतलं व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं तरी चांगल्या अडॅप्टरला त्याचा त्रास होत नाही. सैल सॉकेट किंवा जुना एक्स्टेंशन बोर्ड मात्र त्रास देतो, म्हणून आधी तो बाजूला काढला आणि प्लग थेट भिंतीत लावला. त्याने काही बदललं नाही.

मग `OUTPUT` ची ओळ बघितली. अडॅप्टरवर 12V 1A होतं आणि राउटरच्या पोटावरच्या लेबलवर 12V 1.5A. पिन दोन्हींची एकाच मापाची, त्यामुळे बसायला नेमकी बसली होती. हे घडलं कसं, ते टीव्हीच्या कपाटातच कळलं. दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा सगळं काढून ठेवलं होतं, आणि परत लावताना राउटरचा अडॅप्टर सेट-टॉप बॉक्सला आणि बॉक्सचा राउटरला गेला. दोन्ही काळे, दोन्ही बारा व्होल्टचे, दोन्हींवर बारीक अक्षरं. टीव्ही उत्तम चालत होता, नेटही हिवाळाभर बऱ्यापैकी चाललं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

लेबलवरच्या या दोन आकड्यांचा अर्थ वेगवेगळा आहे आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. व्होल्टचा आकडा राउटरला जसाच्या तसा हवा. 12 मागणाऱ्या राउटरला 9 दिले तर दिवे लागतील, पण काम वाढलं की तो कोसळेल. 9 मागणाऱ्याला 12 दिले तर तो कदाचित चालेलही, पण आत जास्त तापेल किंवा कायमचा जाईल. अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो, त्याची हद्द. तो राउटरच्या गरजेइतका किंवा त्याहून मोठा असावा. "मग 2 अँपिअरचा लावला तर राउटर जळेल ना?" असं सरांनी विचारलं, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. जळत नाही. राउटर त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो, उरलेली क्षमता वापराविना पडून राहते. पिनचा आतला भाग प्लस आहे की बाहेरचा, हे दाखवणारं गोलाचं छोटं चित्र मात्र दोन्ही लेबलांवर सारखं हवं.

लेबल पाहून शंका आली होती, पण मला ती मोजून दाखवायची होती. अडॅप्टर नुसता भिंतीत लावून पिनेवर मल्टिमीटर धरला, तर तो 12.2 व्होल्ट दाखवत होता. बहुतेक जण इथेच थांबतात आणि अडॅप्टर चांगला ठरवतात. पण तेव्हा त्याच्यावर काहीच भार नसतो, आणि रिकाम्या अडॅप्टरचं माप जवळपास नेहमीच चांगलं येतं. म्हणून मी सीसीटीव्हीवाले वापरतात ते स्क्रूचे दोन डीसी कनेक्टर बरोबर ठेवतो, एक मेल, एक फिमेल. ते दोन छोट्या तारांनी जोडून अडॅप्टर आणि राउटरच्या मधे घातले की राउटर चालू असतानाच स्क्रूवर माप घेता येतं. प्लस-मायनस उलटं होणार नाही याची मी दोनदा खात्री करतो.

राउटर शांत असताना माप 11.8 आलं. मग सरांनी लॅपटॉपवर क्लास सुरू केला आणि घरातल्या दोन फोनवर व्हिडिओ लावले. माप 11 च्या खाली आलं आणि हलू लागलं. साधा मीटर सेकंदात दोन-तीनदाच वाचतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. म्हणून मीटर `MIN` वर ठेवला आणि वाट पाहिली. काही मिनिटांनी दिवे एकदम विझले. मीटरने पकडलेलं सर्वांत कमी माप 9.6 होतं, आणि खरी घसरण बहुधा त्याहूनही खोल होती.

या बिघाडाचा खरा गाभा मला वाटतो तो पुढे आहे. राउटरच्या आत 12 व्होल्ट जसेच्या तसे वापरले जात नाहीत. आतली छोटी सर्किटं ते 3.3 व्होल्टवर आणि प्रोसेसरसाठी एकच्या आसपास उतरवतात. या सर्किटांना ठरावीक वॅट हवे असतात. समजा भर क्लासमध्ये राउटरला 13 वॅट लागतात. 12 व्होल्टला त्यासाठी साधारण 1.1 अँपिअर पुरतो. अडॅप्टर थकून 10 व्होल्टवर आला, तर तेवढ्याच वॅटसाठी राउटर 1.3 अँपिअर ओढतो. म्हणजे अडॅप्टर जितका वाकतो, तितकं ओझं त्याच्यावर वाढत जातं. शेवटी अडॅप्टर स्वतःला वाचवायला क्षणभर बंद होतो, किंवा आतल्या चिपला व्होल्टेज अपुरं पडून ती रीसेट होते. रीबूट झाल्यावर वापर थोडा वेळ कमी राहतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. क्लास पुन्हा रंगात आला की पुन्हा तेच. जुन्या अडॅप्टरमध्ये हे लवकर घडतं, कारण त्यातले कपॅसिटर वर्षांच्या उष्णतेने सुकतात. त्यामुळे लेबलवर आकडा बरोबर असलेला अडॅप्टरही पाच-सहा वर्षांनी असाच वागू शकतो. लेबल तेच राहतं, ताकद राहत नाही.

सरांच्या घरी नवीन काही आणावं लागलं नाही. दोन्ही अडॅप्टरची अदलाबदल केली. त्याच भाराखाली माप 11.9 वर टिकलं, आणि सेट-टॉप बॉक्सला त्याचा 1 अँपिअर पुरेसा होताच. दोन्हींच्या वायरींवर पांढरी पट्टी लावून मार्करने मोठ्या अक्षरांत नावं लिहिली.

आठवड्याने सरांचा पुन्हा फोन आला. संध्याकाळचा क्लास आता नीट होत होता, पण दुपारी तीनच्या सुमारास वाय-फाय मंदावायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. गेल्यावर आधी तीच ओळ पाहिली, तर अप-टाइम पूर्ण आठवड्याचा होता. राउटर बंद पडलेला नव्हता. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर नेट चालू होतं, फक्त हवेतला सिग्नल जात होता. हा आजार दुसरा होता. अडॅप्टर कमकुवत असेल तर वापर वाढल्यावर काही मिनिटांत रीबूट होतो. उष्णता सावकाश साठते, तासाभराने किंवा ठरावीक वेळेला त्रास देते, आणि बरेचदा रीबूट न होता रेडिओच मंदावतो.

राउटर टीव्हीच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला होता. वर भरतकामाचा रुमाल, आणि हवा जायच्या फटी त्याच्याखाली. राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान 0 ते 40 अंश लिहिलेलं होतं. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी खोलीतच 38 असतं. त्या कपाटात, दुसऱ्या गरम डब्याच्या वर, 40 ची मर्यादा केव्हाच ओलांडली जात होती. भिंतीला भोकं पाडण्याआधी मी वहिनींना एवढंच सांगितलं, की दोन दुपारी कपाटाचं दार उघडं ठेवा, रुमाल काढा आणि टेबलफॅन त्या दिशेला लावा. दोन्ही दुपारी वाय-फाय टिकलं. मग राउटर बाहेर भिंतीवर उभा लावला, फटी मोकळ्या ठेवून. कूलरच्या समोरची जागा मुद्दाम टाळली. कूलरची हवा गार असते पण ओली असते, आणि त्या ओलीने धूळ चिकटते, पिना गंजतात. अडॅप्टरही गादीमागच्या सॉकेटमधून काढून उघड्या सॉकेटला आणला, कारण आतल्या कपॅसिटरचं आयुष्य सर्वांत जास्त उष्णताच खाते.

जाता जाता सरांनी लोडशेडिंगसाठी मिनी यूपीएस घेऊ का विचारलं. घ्या, पण त्याचंही लेबल याच नजरेने वाचा, असं मी म्हणालो. काही स्वस्त यूपीएस आतल्या तीन लिथियम सेलचं व्होल्टेज तसंच पुढे देतात. भरलेले असताना ते 12.6 असतं आणि उतरत उतरत 9 च्या जवळ येतं. म्हणजे वीज गेल्यावर तासाभराने तोच जुना रीबूट. शेवटपर्यंत 12 वर धरून ठेवणारा यूपीएस थोडा महाग पडतो. सरांनी तसला आणला. बसवताना आम्ही क्लासइतका भार लावला, भिंतीतला प्लग काढला आणि मधल्या स्क्रूवर मीटर धरून बसलो. पावणेदोन तास माप 12 च्या आसपास राहिलं, मग यूपीएस बंद झाला. सरांचा क्लास दीड तासाचा आहे.