नोटीस म्हणजे निकाल नव्हे

आस्थापना शाखेत असताना एका सफाई कामगाराची कारणे दाखवा नोटीस माझ्या टेबलावर आली. मसुदा वरूनच तयार होता: 'आपण कामचुकार असून वारंवार गैरहजर राहता. आपणास कामावरून का काढू नये?' तारीख एकही नव्हती. मग माणसाने उत्तर द्यायचे कशाचे? सफाई कामगार म्हटला की 'कामचुकार' हा शब्द आधीच ठरलेला असतो.

मी हजेरीपट काढला. सहा दिवस गैरहजेरी होती: 3, 4 आणि 19 जून, 8 ते 10 जुलै. आवक नोंदवहीत मात्र जुलैच्या तीन दिवसांचा रजेचा अर्ज 7 तारखेलाच नोंदलेला होता. त्यावर कुणी निर्णयच घेतला नव्हता. ते दिवस मी वगळले. उरलेल्या तीन तारखा लिहिल्या, हजेरीपटाची प्रत जोडली, लेखी खुलाशाला सात दिवस दिले आणि 'कामचुकार' खोडले.

"फारच सौम्य झाली," साहेब म्हणाले. मी त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा ओरिक्स फिशरीजचा निकाल ठेवला. नोटिशीतच दोषी ठरवले, तर पुढची सुनावणी नुसता उपचार उरतो, असे तो सांगतो. साहेबांनी सही केली.

खुलासा आला. 19 जूनला मुलगी दवाखान्यात होती. केसपेपर जोडलेला होता. 3 आणि 4 जूनचे कारण त्याला देता आले नाही. त्या दोन दिवसांचा पगार कापला, लेखी समज दिली. ती त्याने मान्य केली. नोकरी राहिली.

मित्रांनो, नोटीस हाती आली की आधी तारखा शोधा. नसतील, तर पहिल्या उत्तरातच त्या लेखी मागा.